काटा जुळतो, तरी किलोमीटर कमी का भरतात?

प्रश्न : माझी बोलेरो आहे. मूळ टायर २१५/७५ आर१५ होते, ते झिजले म्हणून या वर्षी २३५/७५ आर१५ बसवले. मालवणातल्या घरापासून कणकवली स्टेशन आणि परत, या फेरीला आधी मीटरवर ९७ किलोमीटर भरत, आता ९२ भरतात. ॲव्हरेजही १३.८ वरून १२.७ वर आले. गंमत म्हणजे स्पीडोमीटरचा काटा आधी जीपीएसपेक्षा ४ ने पुढे असायचा, तो आता अगदी जुळतो. काटा बरोबर झाला तर किलोमीटर चुकीचे कसे? मी भाडे किलोमीटरवर घेतो, तेव्हा हिशेब कोणत्या आकड्यावर करू आणि मीटर दुरुस्त कसा करू?

उत्तर :

आपल्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो जुळलेला काटा, कारण नेमक्या त्याच खुणेवर विसंबून मी स्वतः एकदा मोठी चूक केली होती. ती पुढे सांगतो. त्याआधी किलोमीटर मोजले कसे जातात ते पाहू.

गाडीला रस्ता दिसत नाही, तिला फक्त फेरे कळतात. गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर किंवा चाकाजवळ बसवलेला सेन्सर प्रत्येक फेऱ्याला ठरावीक ठोके पाठवतो आणि इतके ठोके झाले की १ किलोमीटर झाला, एवढाच हिशेब मीटरच्या डब्यात कायमचा भरून ठेवलेला असतो. हा हिशेब मूळ मापाच्या टायरसाठी असतो. टायर बदलला तरी मीटरला त्याची वार्ता नसते.

आता आपली दोन मापे घेऊ. २१५/७५ आर१५ यात २१५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास. भिंत १६१.२५ मिलिमीटर, ती वर आणि खाली मिळून ३२२.५, त्यात रिमचे ३८१ मिळवले की पूर्ण व्यास ७०३.५ मिलिमीटर होतो. याच रीतीने २३५/७५ आर१५ चा व्यास ७३३.५ मिलिमीटर येतो. टक्केवारीचा आकडा ७५ च राहिल्यामुळे अनेकांना वाटते की टायर फक्त रुंद झाला, पण ते ७५ टक्के आता २३५ चे आहेत, म्हणून टायर उंचही झाला आहे.

व्यासावरून एका फेऱ्यातले अंतर काढताना शाळेतला ३.१४ वापरू नये. गाडीच्या वजनाने टायर जमिनीपाशी दबतो, त्यामुळे चालत्या टायरचा घेर थोडा कमी भरतो, आणि रेडियल टायरसाठी ३.०५ ने गुणण्याची रीत आहे. त्याप्रमाणे मूळ टायर एका फेऱ्यात सुमारे २.१४६ मीटर चालतो, म्हणजे किलोमीटरला ४६६ फेरे होतात. नवा टायर एका फेऱ्यात २.२३७ मीटर चालतो. मीटर मात्र अजूनही ४६६ फेरे मोजूनच एक किलोमीटर पुढे सरकतो आणि तेवढ्यात आपली गाडी १,०४२ मीटरहून थोडी जास्त गेलेली असते. गुणोत्तर काढले तर ७३३.५ भागिले ७०३.५ म्हणजे १.०४३. मोठ्या टायरने मीटर कमी दाखवतो, लहान टायरने जास्त, ही दिशा एकदा पक्की लक्षात ठेवावी, कारण गुणण्याऐवजी भागणारे पुष्कळ भेटतात.

आता काट्याकडे वळतो. काटा आणि किलोमीटर एकाच सेन्सरच्या ठोक्यांवर चालत असले तरी दोघांचा हिशेब वेगळा असतो. वेग प्रत्यक्षापेक्षा कमी दिसला तर चालकाला धोका, म्हणून काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांतला ३९ क्रमांकाचा नियम असे सांगतो की मोटारीचा स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवू नये. जास्त दाखवला तर तो खऱ्या वेगाच्या दहाव्या हिश्श्यात ४ किलोमीटर मिळवून येईल तेवढ्यापर्यंत चालेल. म्हणजे खरा वेग ८० असताना काटा ९२ वर गेला तरी त्या नियमात बसतो. कंपन्या सहसा इतके पुढे जात नाहीत, तीन-चार किलोमीटरवर थांबतात. किलोमीटरच्या आकड्यात मात्र अशी भर घालण्याचे काही कारण नसते आणि मूळ टायरवर तो बहुतेक गाड्यांत एक-दोन टक्क्यांच्या आत बरोबर असतो.

आपली गाडी खऱ्या ८० ला ८४ दाखवत होती. टायर मोठा झाल्यावर ८४ भागिले १.०४३, म्हणजे साधारण ८०.५ दिसू लागले. काट्यात मुद्दाम ठेवलेली चूक आणि टायरची चूक एकमेकींना खाऊन गेल्या आणि काटा जुळला. किलोमीटरच्या आकड्यात खाऊन जायला काही नव्हतेच, म्हणून तिथे टायरची चूक उघडी पडली. काटा सुधारला नाही, त्याची राखीव जागा संपली एवढेच. याहून उंच टायर घातला तर काटा खऱ्या वेगापेक्षा मागे राहू लागेल.

माझी चूक याच्या उलट बाजूने झाली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जीपचा मालक तक्रार घेऊन आला की काटा जीपीएसपेक्षा ५ टक्के पुढे आहे. टायर मूळचेच होते. मी सेन्सरच्या वायरीत ठोके कमी-जास्त करणारे छोटे मॉड्यूल जोडले, काटा जीपीएसशी तंतोतंत जुळवला आणि पाठ थोपटून घेतली. दोन महिन्यांनी तो मनुष्य डिझेलची वही घेऊन परत आला, कारण त्याचे सगळे किलोमीटर ५ टक्क्यांनी कमी भरत होते. मी काट्याची हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढली आणि बरोबर चाललेला किलोमीटर बिघडवला. तेव्हापासून मी काट्याकडे बघून अंतर कधीच जुळवत नाही. अंतर अंतरानेच तपासतो.

आता आपल्या आकड्यांतला एक बारकावा. ९७ भागिले ९२ केले तर १.०५४ येते, आणि टायरच्या मापांवरून १.०४३ आले. हा एका टक्क्याचा फरक कुठून आला? तो जुन्या टायरच्या झिजेतून आला. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ८ मिलिमीटर असते आणि १.६ मिलिमीटरवर टायर बाद धरतात. म्हणजे पूर्ण झिजलेल्या टायरचा व्यास १२–१३ मिलिमीटरने, सुमारे पावणेदोन टक्क्यांनी कमी झालेला असतो. रेडियलमध्ये आतल्या पोलादी पट्ट्यामुळे चालता घेर त्याहून जरा कमीच घटतो. आपले टायर झिजल्यावरच बदलले, तेव्हा ते ९७ किलोमीटर सुमारे एका टक्क्याने फुगलेले होते. खरे अंतर ९६ च्या आसपास आहे. जुना आकडा एक किलोमीटर पुढे होता आणि आताचा चार मागे. म्हणून जुन्या आकड्याला खरे मानून १.०५४ ने गुणू नका. तसे केले तर प्रत्येक भाड्यात गिऱ्हाइकाकडून एक टक्का जास्त घेतला जाईल.

ॲव्हरेजलाही हेच लागू होते. आधीचे १३.८ खरे १३.७ च्या जरा खाली होते आणि आताचे १२.७ खरे तर १३.२ आहे. आपल्याला १.१ ची घसरण दिसली, पण खरी घसरण सुमारे ०.४ आहे. ती रुंद आणि जड टायरमुळे आलेली असू शकते. इंजेक्टर उघडायला निघाला असाल तर थांबा.

१.०४३ हा कागदावरचा आकडा आहे. टायर एकाच मापाचे असले तरी कंपनीगणिक घेर थोडा बदलतो, म्हणून आपल्या गाडीचा आकडा मोजून घ्यावा. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत खडूची. टायर थंड असताना हवा नेहमीच्या दाबावर आणा, गाडीत नेहमीइतके वजन ठेवा आणि सपाट काँक्रीटवर उभी करा. मागच्या चाकावर, जिथे ते जमिनीला टेकते तिथे, टायरवर आणि जमिनीवर एकेक रेघ मारा. मागचे चाक यासाठी की आपल्या गाडीत ओढ मागून आहे आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे फेरे मागच्याच चाकांशी बांधलेले आहेत. गाडी अगदी सावकाश सरळ पुढे न्या, दहा फेरे मोजा, टायरवरची रेघ पुन्हा खाली आली की जमिनीवर दुसरी रेघ मारा आणि टेपने अंतर मोजा. नव्या टायरचे ते २२.४ मीटरच्या आसपास भरेल. जुने टायर अजून पडवीत पडले असतील तर दोन्ही मागच्या चाकांना चढवून हाच प्रयोग करा, झिजलेल्यांचे २१.२५ मीटरच्या जवळ येईल आणि ती एका टक्क्याची झीज डोळ्यांनी दिसेल. एकच फेरा मोजू नये, कारण रेघेतली एका सेंटिमीटरची चूक एका फेऱ्यात अर्धा टक्का होते आणि दहा फेऱ्यांत नगण्य ठरते.

खडूने टायरचा घेर कळतो, पण मीटरच्या आतला हिशेब बरोबर आहे का ते कळत नाही. त्यासाठी दुसरी रीत, लांब अंतराची. कणकवलीहून राजापूरच्या दिशेने मुंबई–गोवा महामार्गावर निदान ४० किलोमीटर जा. ट्रिप मीटर दशांशापर्यंतच दाखवतो, म्हणजे शंभर मीटरची शंका नेहमीच राहते. १ किलोमीटरच्या परीक्षेत ती दहा टक्के आहे आणि ४० किलोमीटरच्या परीक्षेत पाव टक्का. दशांशाचा आकडा बदलला त्या क्षणी मोबाइलवर जीपीएसची नोंद सुरू करा आणि पुन्हा आकडा बदलतानाच थांबवा. हे सोबत्याने करावे, चालवणाऱ्याने नव्हे. मीटरवर ४०.० आणि जीपीएसवर ४१.७ आले, तर ४१.७ भागिले ४० म्हणजे १.०४३, आणि तोच आपला गुणक. येताना पुन्हा घ्या. दोन्ही वेळचा फरक अर्ध्या टक्क्याहून जास्त निघाला तर कुठेतरी गफलत आहे.

ही परीक्षा फोंडा किंवा आंबोलीच्या घाटात घेऊ नका. जीपीएस ठरावीक वेळाने आपली जागा टिपतो आणि त्या बिंदूंना सरळ रेघेने जोडतो, त्यामुळे नागमोडी वळणांवर तो वळण कापून जातो आणि अंतर कमी भरते. तिथे मीटर खरा आणि मोबाइल खोटा असे होऊ शकते. कशेडीच्या बोगद्यासारख्या ठिकाणी सिग्नलच जातो. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर माझा पूर्वी भरवसा असे, पण चौपदरीकरणात वळणे काढली गेली, बाह्यवळण रस्ते झाले आणि जुने दगड काही ठिकाणी तसेच उभे राहिले. दोन दगडांत नेमके एक किलोमीटर असेलच असे आता म्हणता येत नाही. किनाऱ्याच्या रस्त्याने भाडे घेऊन गेलात तर आणखी एक गंमत होते. दाभोळ–धोपावे फेरीबोटीत गाडी उभी असते, चाक फिरत नाही, मीटर खाडीचे अंतर धरत नाही. जीपीएस मात्र पाण्यावरचेही मोजतो. असा प्रवास तुलनेला घेऊ नये.

आता दुरुस्तीचे पाहू. सर्वांत स्वस्त आणि कुठेही न चुकणारा उपाय म्हणजे गुणक वहीत लिहून ठेवणे. टायर बदलला तेव्हाचा आकडा आपल्या बिलावर किंवा सर्व्हिसच्या नोंदीत सापडेल. समजा तो ८४,३०० होता आणि आज मीटर ९१,६०० दाखवतो. मधले ७,३०० गुणिले १.०४३ म्हणजे सुमारे ७,६१४. गाडी खरी ९१,९१४ किलोमीटर चालली आहे. गुणक फक्त टायर बदलल्यानंतरच्या अंतराला लावायचा, पूर्ण आकड्याला नाही. ही चूक मी अनेक वह्यांत पाहिली आहे. भाड्यासाठी फेरीचे मीटरवरचे अंतर गुणून घ्या, म्हणजे ९२ चे ९६ होतील, आणि हे गिऱ्हाइकाला निघण्यापूर्वीच सांगा. ऑइल दर १०,००० किलोमीटरला बदलत असाल तर मीटरवर ९,६०० होताच बदला.

दुसरा उपाय मीटरच्या आतला हिशेब बदलण्याचा. काही गाड्यांत कंपनीच्या स्कॅनरने टायरचे माप किंवा किलोमीटरमागचे ठोके बदलता येतात आणि ती सोय असेल तर तोच उत्तम मार्ग, कारण त्यात काट्याची राखीव जागाही मूळच्याप्रमाणे परत येते. अधिकृत सर्व्हिस सेंटरला आपल्या मॉडेलसाठी हे होते का ते विचारा.

तिसरा उपाय ते ठोके बदलणारे मॉड्यूल. ते ज्या गाडीत सेन्सरची स्वतंत्र वायर मीटरकडे जाते तिथेच चालते, आणि ते मीटरच्या अगदी तोंडाशी जोडावे लागते. तीच वायर इंजिनच्या कंट्रोल युनिटकडेही जात असेल तर फाटा फुटण्याच्या आधी जोडल्यास तिकडेही बदललेला वेग जातो. ज्या गाड्यांत वेग एबीएसच्या सेन्सरांवरून घेतला जातो आणि डेटाच्या तारेने मीटरपर्यंत येतो, तिथे हात घालू नये. मॉड्यूल बसवलेच तर ते १.०४३ वर लावायचे. मग काटा पुन्हा जीपीएसच्या ४ पुढे जाईल आणि आपल्याला वाटेल की बिघडले. ते बिघडलेले नसून तेच बरोबर आहे. एकाच वायरीतल्या एका गुणकाने काटाही जीपीएसशी आणि किलोमीटरही रस्त्याशी जुळवता येत नाही.

जुन्या केबलच्या जीपांत हाच गुणक दात्यांनी साधतात. गिअरबॉक्सवर केबलच्या टोकाला जे छोटे पिनियन असते त्याचे दाते कमी केले की केबल जास्त फिरते. २४ दात्यांच्या जागी २३ दात्यांचे बसले तर १.०४३ मिळते, अगदी आपल्या टायरएवढे. अडचण एवढीच की तसे पिनियन मिळायला हवे. केबलच्या मीटरचा आणखी एक स्वभाव आहे. त्यात किलोमीटरची चाके दात्यांनी फिरतात, पण काटा फिरत्या चुंबकाच्या ओढीवर आणि बारीक स्प्रिंगवर चालतो. चुंबक कमकुवत झाला किंवा आपल्या खाऱ्या हवेत स्प्रिंग गंजली, तर काटा कितीही खोटे बोलेल, पण किलोमीटर बरोबरच भरतील. उलट केबल आतून तुटली की दोन्ही बंद पडतात. म्हणून अशा गाडीत काटा चुकला एवढ्यावरून किलोमीटर चुकीचे ठरवू नये आणि टायरला दोषही देऊ नये. ज्या दुचाकींत केबल पुढच्या चाकातून निघते, तिथे मागचा टायर बदलल्याने मीटरमध्ये काहीच फरक पडत नाही.

यांपैकी काहीही केले तरी मीटरवरचा एकूण आकडा कुणाकडून बदलून घेऊ नका. पुढचे अंतर बरोबर मोजले जावे ही दुरुस्ती. मागचा आकडा पुसून नवा लिहिणे ही फसवणूक, मग तो आकडा वाढवलेला का असेना. आणि २३५ चे माप आपल्या गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत पर्याय म्हणून दिलेले आहे का तेही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलाबाहेरचा बदल चालत नाही, आणि आपण भाडी करता, म्हणून पासिंगच्या वेळी व अपघाताच्या दाव्यात हा प्रश्न येऊ शकतो. माप यादीत नसेल तर पुढच्या वेळी मूळ २१५ वर परत जाणे हीच माझ्या मते खरी दुरुस्ती. मीटर आपोआप जागेवर येईल.

तोपर्यंत १.०४३ हा आकडाही कायमचा समजू नका. हे टायर निम्मे झिजतील तेव्हा त्यांचा घेर अर्धा-पाऊण टक्का घटलेला असेल आणि गुणक १.०३५ च्या जवळ येईल. दर पंधरा-वीस हजार किलोमीटरला महामार्गावरची परीक्षा पुन्हा घ्या आणि नवा गुणक तारीख व मीटरच्या आकड्यासह त्याच वहीत लिहा.